डाव्या दाढेचा ठणका

पहिला पेला फुटला तो फ्रिजमधल्या पाण्यामुळे. फुटला म्हणजे आमच्या ह्यांनी भिंतीवर फेकला. एक घोट घेतला, डावा गाल धरला, डोळे गच्च मिटले आणि पेला गेला. काचा स्वयंपाकघरभर उडाल्या. मी ओट्यापाशी उभी होते, माझ्या पायाला एक तुकडा लागला. त्यांनी रक्त पाहिलं, तरी गालावरचा हात सोडला नाही.

"काय झालं?"

"काही नाही. गार लागलं."

आमचं शिवणकामाचं दुकान बंगळूरला, बसवनगुडीत. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. पुढे कटिंगचं टेबल, मागे तीन मशिनं, वर माळ्यावर कापडाचे तुकडे. हे कापायचे, धाकटे भावजी शिवायचे, मी हूक, काजं आणि हेमिंग करायची. हे रागीट म्हणून कुणाला माहीत नव्हते. बायका ब्लाउजची बाही तीनतीनदा बदलून मागत, तरी ते "सरी, सरी", बरं बरं, म्हणत खडू पुसायचे. भावजी त्यांना अण्णा म्हणायचे, तसंच अर्धी गल्लीही म्हणायची.

त्या माणसाला एका दाढेनं पालटलं, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. ते किती खरं होतं ते पुढे येईलच.

गारचं दुखणं काही आठवडे राहिलं. आधी ते क्षणात जायचं, मग रेंगाळायला लागलं. मग कॉफी लागेना. गरम घोट गेला की ठणका सुरू व्हायचा आणि तासभर कानशिलापर्यंत चढत राहायचा. आडवं झालं की आणखी वाढायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायचे. मी तोंडात बॅटरी मारून पाहिलं. खालच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेला मधोमध काळा खड्डा. त्यात अन्न अडकलेलं.

"डॉक्टरकडे चला," मी म्हणाले.

"लग्नांचे दिवस आहेत. टेबल कोण सांभाळणार?"

ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. त्यांना दाताच्या खुर्चीची भीती होती. लहानपणी कुणीतरी त्यांचा दात भूल न देताच उपटला होता, दोघांनी धरून. ते त्यांनी मला लग्नानंतर एकदा हसत सांगितलं होतं. सांगताना हाताच्या मुठी वळलेल्या होत्या.

मग लवंगेचं तेल आलं. कापूस बुडवून खड्ड्यात भरायचा. थोडं बधिर व्हायचं, तेल ओसरलं की ठणका दुप्पट. कुणीतरी सांगितलं, दुखण्याची गोळी दाढेशेजारी दाबून धर. त्यांनी धरली. हिरडी भाजून पांढरी पडली, तिथली कातडी पापुद्र्यासारखी सुटून आली. त्या दिवशी त्यांनी मशिनच्या पायट्याला लाथ मारली आणि अंगठ्याचं नख निघालं. घरात सगळ्या वस्तूंना बोलण्याऐवजी आपटण्याची भाषा आली होती. डबे, दारं, इस्त्री. इस्त्री तर त्यांनी ब्लाउजच्या अस्तरावर अशी दाबली की अस्तर करपून टेबलावरच्या घोंगडीला चिकटलं.

आणि मग एका सकाळी दुखणं थांबलं.

एकदम थांबलं. त्यांनी फ्रिजचं पाणी प्यायलं, माझ्याकडे बघत बघत, मुद्दाम. मग गरम कॉफी. काही नाही. "मेली," ते म्हणाले. "दाढ मेली. बघ, डॉक्टर लागला का?" आणि बाजारातून शेवंतीची वेणी आणली माझ्यासाठी. मीही माळली. दोघांनाही कळलं नव्हतं की ते बोलले तेच अक्षरशः घडलं होतं. दाढेच्या आतली शीर मेली होती. दुखायला काही उरलं नव्हतं म्हणून दुखत नव्हतं. सडणं मात्र मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरत होतं, आवाज न करता. हे आम्हाला पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

महिनाभर आमचं घर पूर्वीसारखं होतं. मग त्यांना वाटायला लागलं की ती दाढ वाढली आहे. "उंच झाल्यासारखी वाटते," म्हणायचे. तोंड मिटलं की तीच आधी टेकायची, आणि टेकली की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. आता गार-गरमाचा प्रश्न नव्हता, फक्त दाबाचा. जेवण उजव्या बाजूनं. बोलणं कमी. गिऱ्हाइकांशी मी बोलायला लागले.

एक दिवस न्हाणीघरातून आवाज आला. ओरडण्याचा नाही. बैल दावं ओढताना करतो तसा, बंद तोंडातला. दार आतून लावलेलं. मी लाथ मारली, कडी तुटली. हे आरशासमोर उभे, हातात मशिनदुरुस्तीची पक्कड, हनुवटीवरून रक्त छातीवर. त्यांनी पकडीनं दाढ धरून पिळली होती. दाढ आली नव्हती. वरचा भाग तुकडे होऊन आला होता, मुळं आतच. बेसिनमध्ये पांढरे, काळे तुकडे आणि लाल थुंकी. शिवाय एक वास. मेलेल्या उंदराचा येतो तसा, त्यांच्या तोंडातून.

मी पक्कड हिसकायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की माझी बांगडी वाकून कातडीत रुतली.

मी बाहेर आले. कटिंगची मोठी कात्री त्या दिवशी धार लावायला घरी आणली होती. ती उचलली आणि दारात उभी राहिले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "पुन्हा हात लावलास तर भोसकीन. दाढ दुखते म्हणून नाही बघणार."

 मग पक्कड बेसिनमध्ये पडली. "चूळ भरायला पाणी दे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांना बरं वाटलं, हे आणखी वाईट झालं. दाढ फुटल्यानं आतला पू थोडा बाहेर आला होता आणि दाब उतरला होता. त्यांचा पकडीवर विश्वास बसला. दोनतीन दिवसांत ती वाट अन्नानं बुजली. पूला वर यायला जागा राहिली नाही. तो खाली सरकायला लागला.

दुकानातली मारामारी त्यानंतरची.

एका गिऱ्हाइकाच्या लेकीचं लग्न होतं. रेशमी ब्लाउजचे पीस आले होते, काठ थोडेच. एका पिसाचा काठ ह्यांनी उलटा कापला. असं त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. ताप होता अंगात, डोळे तांबडे. भावजींनी पीस उचलून पाहिला आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "अण्णा, तू आज घरी जा. दाताच्या डॉक्टरकडे जा. हे असं चालायचं नाही."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. तुझ्या तोंडाला घाण वास मारतोय. लोक मागे सरतायत, तुला दिसत नाही?"

टेबलावर लोखंडी टोपणाची लाकडी गजपट्टी होती. ह्यांनी ती उचलली आणि भावजींच्या अंगावर हाणली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा अडवायला भावजींनी हात पुढे केला आणि पट्टी बोटांवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. कोरडी काडी मोडावी तसा. गिऱ्हाईक बाई किंचाळत रस्त्यावर पळाली. तिसरा फटका डोक्यावर येत होता. भावजींनी वाकून उजव्या हाताची मूठ घातली, ती ह्यांच्या डाव्या जबड्यावर.

हे मशिनवर कोसळले. मशिन उलटलं, सुईची दांडी वाकली. त्यांच्या तोंडातून रक्त आणि पिवळं काहीतरी जमिनीवर सांडलं. ते उठायला धडपडत होते आणि भावजी त्यांच्या छातीवर गुडघा ठेवून ओरडत होते, "पुरे! पुरे की रे!" शेजारच्या फुलवाल्यानं आणि झेरॉक्सवाल्यानं त्यांना सोडवलं. भावजींच्या डाव्या हाताची दोन बोटं फुगून वाकडी झाली होती. ते रिक्षात बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा डावा गाल सुजला होता. सगळ्यांना वाटलं, मूठ लागली म्हणून. मलाही वाटलं. त्यांना तर खात्रीच होती. "भावानं मारलं," ते म्हणाले. त्यात दुःख होतं आणि थोडं समाधानही, कारण आता दाढेबद्दल कुणी बोलणार नव्हतं. मुका मार आहे, उतरेल. बाहेर सांगायचं की स्कूटरवरून पडले. दवाखान्यात गेलं की विचारतील कुणी मारलं, मग पोलीस, मग गल्लीभर बोभाटा. घरातली लाज घरात ठेवायची म्हणून आम्ही दोघांनी दार लावून घेतलं.

मी बर्फ लावला. मग हळदीचा लेप. मग गरम कपड्याचा शेक, कारण शेकल्यावर त्यांना बरं वाटायचं. शेकल्यानं सूज बाहेर कातडीकडे ओढली जाते, असं करू नये, हे मला माहीत नव्हतं. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. त्यांनी दोनच घेतल्या. पोटात मळमळलं म्हणून बाकीच्या कचऱ्यात टाकल्या.

मुका मार निळा पडतो. ही सूज लाल होती, तकतकीत, हात लावला की तव्यासारखी. आणि ती उतरत नव्हती, खाली चालली होती. जबड्याची कड दिसेनाशी झाली, मग हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक झाला. तोंड आधी दोन बोटं उघडायचं, मग एक, मग दातांच्या फटीतून फक्त चमच्याची कड जाऊ लागली. त्यांना थुंकी गिळता येईना. ती कोपऱ्यातून गळायची, मी पंचा धरून बसायची. आवाज बदलला. गरम बटाटा तोंडात घेऊन बोलल्यासारखा. जीभ वर उचलली गेली होती, आतून कुणीतरी ढकलत असल्यासारखी. आडवे झाले की गुदमरून उठून बसायचे.

मी भावजींना फोन केला. त्यांच्या बोटांना प्लास्टर होतं आणि ते बायकोच्या माहेरी, जे. पी. नगरला राहत होते.

"वैनी, मी येणार नाही," ते म्हणाले.

"भावजी, ते श्वास घेताना आवाज करतायत."

 "कसला आवाज?"

मी फोन ह्यांच्या तोंडाजवळ नेला.

भावजी रिक्षा घेऊन आले. ह्यांनी त्यांना दारात पाहिलं आणि उभे राहून हातानं खूण केली, निघ. भावजी आत आले. ह्यांनी ढकललं. भावजींनी एका हातानं त्यांची गचांडी धरली आणि भिंतीला टेकवलं, कपाळाला कपाळ लावून. "मरायचं तर मर, पण माझ्या मुठीनं मेलास असं गावभर होऊ देणार नाही मी. चल." हे लाथा मारत होते, पण पायात जोर नव्हता. आम्ही दोघांनी त्यांना जिन्यावरून खाली ओढत नेलं. एक चप्पल तिथेच राहिली. रिक्षावाला म्हणाला, "अय्यो, इदेनु?" अरे, हे काय? तो सिग्नल तोडत गेला.

दाताच्या मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसलेल्या लोकांनी ह्यांचं तोंड पाहून आपणहून वाट दिली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण, बारीक अंगाच्या, केस टोपीत घातलेले. कानडीत म्हणाल्या, "बायि तेगीरि." तोंड उघडा. ह्यांनी प्रयत्न केला. दोन ओळींच्या मध्ये नखाएवढी फट. त्यांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ आली नाही. मग त्यांनी जबड्याखालचा टणक भाग दोन्ही हातांनी चाचपला, घशावर कान लावल्यासारखं वाकून श्वास ऐकला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ह्यांना आडवं करू नका. बसवूनच ठेवा," त्या मागे उभ्या मदतनीस मुलीला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "हे कसं झालं? कुणी मारलं का? खरं सांगा. मारामारी असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं."

मी स्कूटरचं सांगायला तोंड उघडलं.

"मी मारलं," भावजी म्हणाले. "मूठ. इथेच."

बाईंनी भावजींच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. काही लिहिलं नाही. "आधी एक्स-रे."

पूर्ण जबड्याचा एक्स-रे निघाला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा. त्यांनी तो पडद्यावर लावला आणि आम्हा दोघांना बोलावलं. पेनाचं टोक जबड्याच्या कडेवरून फिरवलं. "हाड कुठेही मोडलेलं नाही. मुठीनं हे झालेलं नाही." मग पेन मागच्या दाढेवर आणलं. तिथे वरचा भाग नव्हता, दोनच मुळं, आणि त्यांच्या टोकांना काळा डाग, वाटाण्याएवढा. "हे. इथलं हाड पूनं खाल्लंय. हे काही आठवड्यांचं काम आहे, एका ठोशाचं नाही. दाढ कुणी फोडली?"

"त्यांनीच. पकडीनं," मी म्हणाले.

 बाईंनी समजावून सांगितलं. ह्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला खोल उतरतात. त्यांच्यातला पू हाड फोडून निघाला की तोंडात येत नाही, जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याच्या बाजूनं पसरतो. चावण्याच्या स्नायूंना सूज आली की तोंड उघडत नाही. जिभेखाली भरला की जीभ वर आणि मागे ढकलली जाते. "आणि मग श्वासाची वाट बंद. दातानं माणूस मरतो, लोकांना खरं वाटत नाही."

भावजी भिंतीला टेकले. मग खाली बसले. त्यांच्या तोंडून आलेला आवाज रडण्याचा होता की हसण्याचा, मला सांगता येणार नाही.

रक्त तपासलं तर साखर भयंकर वाढलेली. मधुमेह आहे हे त्यांना आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साखर असली की पू माजतो आणि पू माजला की साखर चढते, बाई म्हणाल्या. दोन्हींना एकदमच धरावं लागेल. हाताला सलाइन लागलं, त्यातून अँटिबायोटिक, शिवाय इन्सुलिन. आणि लगेच, जागेपणीच, चिरा द्यायचा, कारण पू साठलेला असताना नुसत्या औषधानं भागत नाही. औषध रक्तातून जातं, आणि पूच्या पिशवीत रक्त जात नाही.

"पूर्ण बेशुद्ध का नाही करत?" मी विचारलं.

"करता आलं असतं. पण तोंड उघडत नाही, जीभ वर आलीय. झोपवलं आणि नळी घालता आली नाही तर तिथेच जाईल. बसलेलेच ठेवून भूल देऊ. भूल देणारे डॉक्टर शेजारी उभे राहतील, गरज पडली तर गळ्याला भोक पाडून नळी घालायच्या तयारीत." मग हळू आवाजात, "पूच्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही. तिथलं सगळं आंबलेलं असतं. मी मागून, शिरेच्या मुळाशी देईन, मिटल्या तोंडातूनच. तरी थोडं दुखेल. त्यांना सांगा, खोटं सांगू नका."

मी सांगितलं. ह्यांनी माझा हात धरला. त्याच मनगटावर, पण ह्या वेळी नुसता धरला.

मला आत जाऊ दिलं नाही, दाराला काच होती. हे खुर्चीत अर्धवट बसलेले, मान उजवीकडे वळवलेली, चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याच्या भोकातून सुजलेला लाल जबडा. सुई वरच्या हिरडीच्या बाजूनं मागे गेली, पूर्णच्या पूर्ण. त्यांचे पाय ताठ झाले. मग कातडीत सुया. थोडा वेळ थांबले. मग बाईंनी जबड्याच्या कडेपासून दोन बोटं खाली चिरा दिला. कडेला लागून देत नाहीत, तिथून ओठाची शीर जाते, ती कापली तर तोंड वाकडं होतं. चिरा लहान होता, आपल्या काजाहून थोडा मोठा. रक्त आलं, पू आला नाही.

मग त्यांनी बोथट टोकाचा चिमटा घेतला, मिटलेला, आणि त्या चिऱ्यातून वर, जबड्याच्या आतल्या बाजूला ढकलला. जोर लावून ढकलला, दंडाची नस दिसेपर्यंत. आत गेल्यावर तो उघडला आणि उघडाच बाहेर ओढला. ह्यांचा आवाज काचेतून आला. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही. दोन वॉर्डबॉयनी खांदे धरले. परत मिटलेला चिमटा आत, परत उघडला. तिसऱ्यांदा तो कुठेतरी आतल्या पिशवीत शिरला आणि पू उडाला. हिरवट, रक्त मिसळलेला, बाईंच्या एप्रनवर, हातमोज्यांवर, जमिनीवर. बंद दारातूनही वास आला. बाकावरचा एक माणूस उठून बाहेर गेला. बाईंनी दुसऱ्या हातानं जिभेखालचा भाग बाहेरून दाबला आणि आणखी आला. एक कप भरेल इतका.

आणि ह्यांनी श्वास घेतला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आवाज न करता.

चिऱ्यात त्यांनी रबराची पन्हाळीसारखी पट्टी घातली आणि काळ्या रेशमी दोऱ्यानं टाक्यानं अडकवली, म्हणजे भोक बुजणार नाही आणि उरलेलं निचरत राहील. रोज सकाळी ती जागा धुवायची. पिचकारीनं औषध आत मारलं की फेस येई आणि हे पलंगाची कड गच्च धरून शिव्या देत. एकदा त्यांनी नर्सचा हात झटकला. ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प सहन करा," आणि पुन्हा मारलं. फेस पांढरा यायला लागला तेव्हा पट्टी काढली.

तोंड उघडायला आइसक्रीमच्या असतात तसल्या लाकडी काड्या दिल्या होत्या. दातांच्या फटीत रोज एक वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण वाढवायचे. तोंड पुरेसं उघडलं तेव्हा उरलेली मुळं काढली. मुळं फुटकी, धरायला वर काहीच नाही. हिरडी बाजूला करून हाड ड्रिलनं खरवडावं लागलं, मग दोन्ही मुळं मधोमध चिरून वेगळी केली आणि एकेक उचकटून काढली, तळाची पिशवी खरवडून. पण ह्या वेळी भूल लागली होती. ते बाहेर आले तेव्हा कापूस चावत म्हणाले, "दुखलंच नाही." आश्चर्यानं म्हणाले. मग बाहेरच्या पायरीवर बसून हुंदके देत रडले.

भावजी दवाखान्यात रोज आले. डबा आणायचे, औषधं आणायचे, दाराशी उभे राहायचे. दोघं बोलत नसत. घरी यायच्या दिवशी ह्यांना नीट बोलता येत होतं. ते भावजींना म्हणाले, "मला त्या दुखण्यानं वेड लागलं होतं रे. माझा हात नव्हता तो. दाढेनं करवलं."

मीही तेच म्हणणार होते.

भावजींनी प्लास्टरमधून सुटलेला हात वर केला. करंगळीशेजारचं बोट वाकत नव्हतं. शिवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताचं बोट, ज्यानं कापड सुईखाली सरकवायचं. "माझ्या मुठीनं तुझं तोंड सुजलं नाही हे डॉक्टरनं सांगितलं. ते बरं झालं. पण हे दाढेनं नाही केलं, अण्णा. वैनीचं मनगटही दाढेनं नाही पिरगाळलं. दुखत होतं तुला. पट्टी तू उचललीस."

ते गेले. भावजींनी आपलं मशिनही नेलं. जे. पी. नगरला एका गॅरेजमध्ये पिको-फॉल आणि आल्टरेशनचं दुकान टाकलं, बारीक काम होईना म्हणून.

ह्यांनी काही दिवस मला सांगून पाहिलं की भाऊ कठोर आहे. मी ऐकून घेतलं नाही. माझं मनगट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं, बांगडीच्या जखमेची खूण वर करून.  त्यांनी ती खूण पाहिली. "हो," म्हणाले. एवढंच. पण त्या "हो"ला दाढेचं शेपूट नव्हतं.

पुढे एका दुपारी दुकान बंद करून ते मला म्हणाले, चल. आम्ही बसनं गेलो. भावजी मशिनवर बसले होते, साडीला फॉल लावत, ते ताठ बोट कापडापासून वेगळं धरून. हे शटरपाशी उभे राहिले. आत बोलावलं नव्हतं म्हणून आत गेले नाहीत.

"मी मारलं तुला," ते म्हणाले. "दाढ असती नसती तरी, तू गिऱ्हाइकासमोर बोललास म्हणून मला राग आला होता. म्हणून मारलं. बोट मी मोडलं."

भावजींनी मान वर केली नाही. साडी लांब होती. ते टीप मारत गेले, कोपरा वळवला, परत मारत गेले. हे उन्हात उभे. मी त्यांच्या मानेवरचा व्रण पाहत होते, जिथे आता दाढी उगवत नाही. शेवटी भावजींनी दोरा कापला, साडी घडी करून बाजूला ठेवली.

"जेवलात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

मग ह्यांच्याकडे पाहिलं. "चावता येतं का आता?"

"उजवीकडून."

"मग आत या. भाकरी आहे," भावजी म्हणाले आणि खुर्चीवरचं कापड उचलून जागा केली.